कोंडा की कोरडेपणा? न्हाल्यानंतर किती तासांनी खाज येते ते बघा

दिवाळी आटोपली आणि पहाटेचा गारवा सुरू झाला, की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास वाढते. "डोकं फार कोरडं पडलंय, नुसता कोंडा उडतोय. एखादं चांगलं तेल द्या." खांद्यावर पांढरा भुगा पडलेला असतो, भांगात लाली दिसत असते, आणि निदान घरूनच ठरवून आणलेलं असतं: कोरडेपणा, म्हणून तेल.

यातल्या काहींना तेलाने खरंच आराम पडतो. पण बऱ्याच जणांचं दुखणं नेमकं उलटं असतं. त्यांच्या डोक्यावर तेल कमी नसतं, हवं त्यापेक्षा जास्त असतं. त्यांना तेलाची बाटली देणं म्हणजे शब्दशः आगीत तेल ओतणं.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हींत खाज सुटते, दोन्हींत पांढरं काहीतरी गळतं आणि दोन्ही त्रास थंडीत वाढतात. पण फरक घरच्या घरी कळू शकतो. त्यासाठी एखादा काळा शर्ट, थोडा टिश्यू पेपर आणि दहा-बारा दिवस डोक्याकडे लक्ष, एवढं पुरतं.

## ते पांढरं नेमकं काय असतं

आपली कातडी सतत नवी होत असते. खालच्या थरात तयार झालेली पेशी हळूहळू वर सरकते, वाळते आणि साधारण महिन्याभराने गळून पडते. डोक्यावरही हेच चालतं. निरोगी डोक्यावरच्या पेशी सुट्या-सुट्या गळतात आणि इतक्या बारीक असतात की दिसतच नाहीत.

पापुद्रा दिसतो तेव्हा पुष्कळ पेशी एकमेकींना धरून एकदम निघालेल्या असतात. हे दोन कारणांनी घडतं. पहिलं कारण म्हणजे कातडीतला ओलावा उडून जाणं. कडकडीत पाणी, रोजचा कडक शाम्पू किंवा अंगाचा साबण डोक्याला लावण्याची सवय, याने वरचा थर सुकतो आणि उन्हाळ्यातल्या तळ्याच्या मातीसारखा भेगाळतो. त्याचे बारीक तुकडे सुटतात. हा झाला कोरडेपणा.

दुसऱ्या कारणाची सुरुवात तेलापासून होते, आणि तीच लोकांच्या पचनी पडत नाही.

## तेलातून पापुद्रे कसे निघतात

प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. तिच्यातून झिरपणाऱ्या तेलाला सीबम म्हणतात. आपण त्याला 'डोक्याचं तेल' म्हणू. या तेलावर जगणारी एक बुरशी जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या डोक्यावर असते. तिचं नाव मॅलॅसेझिया. १८७४ साली मालासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्याच्या पापुद्र्यांमध्ये ती पाहिली, त्याच्यावरून हे नाव पडलं. ती अस्वच्छतेमुळे होत नाही आणि कंगव्यातून 'लागत' नाही. ती आधीपासून असतेच.

ही बुरशी स्वतःला लागणारी स्निग्ध आम्लं स्वतः बनवू शकत नाही, म्हणून डोक्याचं तेल फोडून खाते. तेलातला तिला हवा तो भाग ती घेते आणि उरलेला टाकून देते. त्या उरल्यासुरल्यात ओलिक आम्ल असतं. काहींच्या कातडीला त्याचं काही वाटत नाही, काहींची मात्र चिडते. संशोधकांनी हे ओलिक आम्ल माणसांच्या डोक्याला लावून पाहिलं, तेव्हा कोंडा होणाऱ्यांना त्याने पापुद्रे सुटले आणि इतरांना झालं नाही. एकाच घरात, एकच पाणी आणि एकच शाम्पू असूनही एका भावाला कोंडा होतो आणि दुसऱ्याला नाही, त्याचं एक कारण इथे सापडतं.

चिडलेली कातडी घाईघाईने नव्या पेशी बनवते. अर्धवट पिकलेल्या पेशी वर येतात, एकमेकींना चिकटलेल्याच राहतात आणि पुंजक्याने सुटतात. बघणाऱ्याला ते कोरडं वाटतं, कारण सुटलेलं काहीही आपल्याला कोरडंच वाटतं. याला आपण कोंडा म्हणतो. तोच जोरात असेल आणि त्याखाली लाली आली असेल, तर डॉक्टर सेबोऱ्हिक डर्माटायटिस असं लिहितात.

## पोळपाटावरचं पीठ

आता निरीक्षणाकडे वळू. पोळ्या झाल्यावर पोळपाट झटकलात तर कोरडं पीठ भुरभुर उडून जातं. पण पिठाला तेलाचा हात लागला असेल, तर ते गोळा होऊन लाकडाला चिकटतं आणि खरवडून काढावं लागतं. डोक्यावरचा फरक बराचसा असाच आहे.

सकाळी, तेल न लावलेल्या डोक्यावर, काळा शर्ट किंवा गडद ओढणी खांद्यावर घेऊन बारीक दातांच्या फणीने केस विंचरा. कोरडेपणाचे तुकडे लहान, पांढरेशुभ्र, पावडरीसारखे असतात आणि फुंकर मारली की उडतात. कोंड्याचे पापुद्रे मोठे असतात, जरा पिवळट असतात, केसाच्या मुळाशी अडकून बसतात. नखाने खरवडलं तर नखाखाली मेणासारखं काही येतं.

पण नुसत्या दिसण्यावर निकाल देऊ नका. सौम्य कोंडाही पांढरा आणि भुरभुरीत असू शकतो. शिवाय बोअरवेलच्या जड पाण्यात अंगाच्या साबणाने डोकं धुतलं की साबणाची एक साय केसांवर बसते आणि वाळल्यावर हुबेहूब कोंड्यासारखी गळते. शिकेकाई नीट धुतली गेली नाही तरी तसंच. तो कोंडाही नसतो आणि कोरडेपणाही नसतो.

## न्हाल्यानंतर घड्याळ लावा

माझ्या मते सगळ्यांत भरवशाची खूण पापुद्र्यात नाही, वेळेत आहे. डोक्यावरून आंघोळ केल्यावर खाज कधी येते?

डोकं कोरडं असेल तर धुण्यानेच त्रास वाढतो. केस वाळताच कातडी ताणल्यासारखी होते, त्याच दिवशी खाज सुटते. मग एक-दोन दिवसांत अंगचं तेल पुन्हा साचतं आणि बरं वाटायला लागतं. म्हणजे न्हाल्याचा दिवस वाईट, तिसरा दिवस चांगला.

कोंड्यात चित्र उलटं. धुतलं की तेल, बुरशीने मागे टाकलेलं आणि पापुद्रे, सगळंच वाहून जातं. त्या दिवशी डोकं हलकं वाटतं. पुढे तेल साचत जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज परत येते. आठवडाभर न धुतल्यास ती कळस गाठते.

हे तपासायचं तर आधी तेल बंद करावं लागेल. वरून लावलेल्या तेलाने सगळी चिन्हं पुसली जातात. तेल थांबवून एकदा साध्या सौम्य शाम्पूने, कोमट पाण्याने डोकं धुवा. ते धुणं फक्त जुनं तेल काढण्यासाठी, ते मोजायचं नाही. त्यानंतर चार-चार दिवसांनी आणखी दोनदा धुवा आणि या दोन फेऱ्या मोजा. प्रत्येक फेरीत न्हाल्याच्या दिवशी संध्याकाळी, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी रात्री खाजेला शून्य ते तीन गुण द्या आणि ते वहीत लिहून ठेवा. दोन्ही फेऱ्यांचं चित्र सारखं आलं तर त्यावर विसंबायला हरकत नाही. एकाच फेरीवर भिस्त ठेवू नका. एखाद्या दिवशी घाम, हेल्मेट किंवा रात्रीचं जागरण मध्ये येतं.

## कागदाची परीक्षा, आणि ती कुठे फसते

भजी ठेवलेला कागद उजेडात धरला की तेलाचा डाग पारदर्शक दिसतो. तीच युक्ती इथे चालते. न्हाल्यानंतर चोवीस तासांनी भांगावर टिश्यू पेपरचा कोरडा तुकडा दाबून धरा, दहापर्यंत मोजा आणि खिडकीकडे धरून बघा. फणीतून निघालेले पापुद्रे कागदाच्या घडीत ठेवून चमच्याने दाबले तरी चालेल. तेलकट पापुद्रा डाग सोडतो, कोरडा चुरा होऊन पडतो.

मात्र चोवीस तासांनी थोडा डाग जवळपास कुणाच्याही डोक्यावर येईल. घरातल्या, काही त्रास नसलेल्या आणि त्याच दिवशी न्हालेल्या माणसाच्या कागदाशी ताडून बघा, म्हणजे फरक कळेल. एकट्या कागदाला मी फार किंमत देत नाही. घड्याळ एक सांगत असेल आणि कागद दुसरं, तर घड्याळाचं ऐका.

## डोकं सोडून इतरत्र बघा

डोक्याचं उत्तर पुष्कळदा चेहऱ्यावर असतं. तैलग्रंथी जिथे दाट, तिथे ही बुरशी सुखाने राहते. भुवया, नाकपुड्यांच्या कडा, कानामागची खाच, दाढी-मिशा आणि छातीचा मधला भाग या त्या जागा. तिथे लालसर, तेलकट सालं निघत असतील तर डोक्यावरही कोंडाच असण्याची शक्यता मोठी.

कोरडेपणा असेल तर तो नडग्यांवर आणि हातांवर दिसतो. नडगीवर नख ओढल्यावर पांढरी रेघ उमटते, पाय खवल्यांसारखे दिसतात.

वयही पुष्कळ सांगून जातं. तैलग्रंथी वयात येताना जाग्या होतात, म्हणून कोंडा साधारण तेव्हापासून सुरू होतो. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पिवळट खपल्या येतात, कारण आईकडून आलेल्या हार्मोन्सनी त्याच्या ग्रंथी काही काळ चालू असतात. साठीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, तेल कमी होत जातं आणि कोरडेपणाचं पारडं जड होतं.

## एका घरातली दोन डोकी

गेल्या हिवाळ्यात एमआयडीसीत काम करणारा चोविशीतला एक मुलगा दुकानात आला. दोन वेळा हेल्मेट, कंपनीत टोपी, रोज झोपताना चोळून खोबरेल आणि रविवारी अंगाच्या साबणाने डोकं. "काका, रोज तेल लावतो तरी कोरडेपणा जात नाही," म्हणाला. रोज तेल लावूनही कोरडं राहणारं डोकं कसलं, हा प्रश्न मी त्यालाच विचारला. त्याने आढेवेढे घेत खाजेच्या गुणांची वही सुरू केली.

तेल आणि साबण थांबवून त्याने एकदा डोकं धुतलं. पहिल्या मोजलेल्या फेरीत न्हाल्याच्या संध्याकाळी शून्य, दुसऱ्या रात्री एक, तिसऱ्या रात्री तीन. दुसऱ्या फेरीत शून्य, दोन, तीन. खाजेची जागा म्हणून त्याने कानामागे आणि माथ्यावर असं लिहिलं होतं. भुवयांत बारीक सालं होती, ती त्याने 'धूळ' समजून सोडून दिली होती. मी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. येताना त्याच्या चिठ्ठीवर २ टक्के केटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू होता, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे.

दहा दिवसांनी तक्रार घेऊन परत. काही फरक नाही. किती वेळ ठेवतोस, असं विचारलं तर म्हणाला, "ठेवायचं काय, फेस केला की धुतो." इथेच बहुतेकांचं चुकतं. हे औषध फेसात नाही, वेळेत काम करतं. ते केसांना नव्हे, कातडीला लावायचं आणि तीन ते पाच मिनिटं तसंच राहू द्यायचं. त्याने मोबाइलवर गाणं लावून ते संपेपर्यंत थांबायला सुरुवात केली आणि महिन्याभरात वहीतले आकडे शून्य-एकवर आले. पूर्ण बंद केल्यावर मात्र दीड-दोन महिन्यांत खाज परतली. बुरशी संपत नाही, आटोक्यात राहते. डॉक्टरांनी मग पंधरा दिवसांतून एकदा तोच शाम्पू चालू ठेवायला सांगितला.

त्या मुलाच्या आईनेही घरातली तीच बाटली वापरायला घेतली होती, आणि तिचं डोकं आणखी तडतडायला लागलं. वय एकसष्ट. तिची वही उलटी निघाली: न्हाल्याच्या संध्याकाळी तीन, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी शून्य. नडग्यांवर पांढऱ्या रेघा. ती बंबातल्या कढत पाण्याने एक दिवसाआड डोकं धूत होती. पाणी कोमट केलं, धुणं आठवड्यावर आणलं, शाम्पू अर्धा केला आणि न्हाण्याच्या अर्धा तास आधी चार थेंब तेल बोटांनी टाळूला लावलं. औषध काहीच लागलं नाही.

## "पण तेल लावलं की लगेच बरं वाटतं!"

वाटतं. तेलाने पापुद्रे ओले होऊन कातडीला चिकटतात, म्हणून दिसेनासे होतात. चोळण्याने खाजेलाही तेवढ्यापुरता विसावा मिळतो. फरक टिकण्यात आहे. कोरड्या डोक्याला तेलाने मिळालेला आराम टिकतो. कोंड्याला एखादा दिवस बरं वाटतं आणि मग खाज दुप्पट होऊन येते.

प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवायची असेल तर तिच्या खाद्यावर ऑलिव्ह तेल ओतायची जुनी पद्धत आहे. आपल्या खोबरेलातली मुख्य आम्लंही तिला पचतात. हे ऐकून काही आज्ज्या माझ्यावर रागावतात, म्हणून स्पष्ट सांगतो: केसांसाठी खोबरेल चांगलंच आहे. ते केसाच्या काडीत शिरतं आणि तिची झीज कमी करतं. कोंडा असेल तर ते केसांच्या लांबीला लावा, मुळाशी चोळू नका आणि रात्रभर ठेवू नका.

## "थंडीत वाढतो, म्हणजे कोरडेपणाच ना?"

थंडीत दोन्ही वाढतात. कोंडा असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना उन्हाळ्यात बरं वाटतं आणि हिवाळ्यात त्रास होतो. त्यात आपण गारव्यामुळे डोक्यावरून कमी वेळा न्हातो, कानटोपी घालतो आणि तेल वाढवतो. म्हणजे तेल साचायला पुरेपूर वाव. ऋतूवरून निदान होत नाही. थंडीत तुम्ही न्हाणं कमी केलंत की पाणी कढत केलंत, हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

## "माझे केस तर झाडूसारखे कोरडे आहेत"

केस आणि कातडी वेगळ्या गोष्टी आहेत. केसाची काडी ऊन, रंग, स्ट्रेटनिंग यांनी वाळते, पण मुळाशी तेल वाहतच असतं. कुरळ्या आणि लांब केसांत ते टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे तेलकट टाळू आणि कोरडी टोकं ही जोडी सर्रास दिसते. अशा वेळी शाम्पू मुळांना आणि कंडिशनर फक्त टोकांना.

धुण्याने केस गळतात ही भीतीही यातलीच. दिवसाला पन्नास ते शंभर केस तसेही गळतात. चार दिवस न धुता राहिलं की सुटलेले सगळे एकदम मोरीच्या जाळीत दिसतात, एवढंच.

## "लिंबू चोळलं तर?"

लिंबाने पापुद्रे थोडे सुटतात आणि डोकं स्वच्छ वाटतं. पण खाजवून चिरलेल्या कातडीवर ते झोंबतं आणि कोरड्या डोक्याची अवस्था आणखी बिघडवतं. मला जास्त धास्ती वाटते ती 'खाजेचं लोशन' मागणाऱ्यांची. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरचं स्टिरॉइडचं लोशन दोन दिवसांत खाज घालवतं, म्हणून तेच हवं असतं. डॉक्टर ते मोजून, थोडे दिवस देतात. मनाने महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते, आणि खाली नायटा असेल तर तो झाकला जाऊन पसरतो.

## दोन्ही नसेल तेव्हा

वही कोणत्याच चित्रात बसत नसेल, तर इतर काही असू शकतं. जाड, चंदेरी खवल्यांचा चट्टा कपाळाच्या रेषेबाहेर आला असेल आणि कोपर-गुडघ्यांवरही तसेच चट्टे असतील, तर सोरायसिसचा संशय घ्यावा. केसांना काळा रंग लावल्यावर दोन-तीन दिवसांत कानांच्या कडा आणि मान पेटली असेल, तर रंगाची ॲलर्जी. शाळेत जाणाऱ्या मुलाला वयात येण्याआधीच पापुद्रे आणि जागोजागी तुटके केस दिसत असतील, तर तो डोक्याचा नायटा असू शकतो. त्यावर नुसता शाम्पू पुरत नाही, पोटातून गोळ्या लागतात. पू, दुखणाऱ्या गाठी, केस उडालेले चट्टे किंवा चार आठवडे औषधी शाम्पू नीट वापरूनही न हललेली खाज, यांतलं काहीही असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणि मुलीच्या वेणीतला 'कोंडा' फुंकरीने उडत नसेल, झटकून पडत नसेल, प्रत्येक दाणा एकेका केसाला डिंकाने चिकटवल्यासारखा असेल आणि कानामागे जास्त असेल, तर त्या लिखा आहेत. तिथे कोरडं की तेलकट हा प्रश्नच येत नाही. उवांचं औषध आणि फणी घ्या, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा.